लेड-फ्री बोर्डावर रिलेची पिन पुन्हा सोल्डर करताना

निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या शिवारांतून पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड दुरुस्तीला येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: "गार असलं की चालतंय, तासभर चाललं की बंद पडतंय बघा." बोर्ड उलटा करून भिंगातून रिलेच्या जाड पिना पाहिल्या की एखाद्या पिनेभोवती केसासारखी गोल भेग दिसते. बोर्डाचं फायबर गरम झालं की जाडीच्या दिशेनं तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. दुपारी तापलेली पत्र्याची पेटी आणि रात्री लाईट आल्यावर सुरू होणारा पंप या चक्रात तो जोड रोज ताणला जातो, त्यात मोटरची थरथर असतेच. हा जोड पुन्हा भरायचा कसा, एवढंच इथे सांगतो. बिट साफ करणं, रिले काढणं, बोर्ड पकडीत बसवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी जुनं सोल्डर पूर्ण काढा. बोर्डावर लेड-फ्रीची खूण असो वा नसो, सकर आणि विक वापरून भोक मोकळं करा. "वरून थोडं साधं साठ-चाळीस टाका, वितळतंय लवकर" हा सल्ला सगळीकडे मिळतो. काढताना तसं मिसळलं तर चालेल, पण नंतर ते सगळं निघालं पाहिजे. जुन्या मिश्रणात बिस्मथ असेल आणि त्यात शिसं मिसळलं, तर जोडात ९६ अंशांच्या आसपास वितळणारा भाग तयार होऊ शकतो. करंट वाहून तापणाऱ्या पिनेखाली असा भाग ठेवून बोर्ड शेतात पाठवायचा नाही.

नवीन वायर एसएसी ३०५ घ्या: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ती २१७ ते २२० अंशांना वितळते. जुनी ६३-३७ वितळत होती १८३ला. हा फरक पाहून लोक बिटचं तापमान थेट ४५०वर नेतात, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथेच होतो.

मलाही याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ झगडावं लागलं, म्हणून इथे सावकाश सांगतो. सोल्डर तांब्याला धरतं, कारण वितळलेलं कथील आणि तांबं यांच्यात प्रत्यक्ष रासायनिक क्रिया होते आणि मध्ये Cu6Sn5 या संयुगाचा पातळ थर तयार होतो. तो नसेल तर जोडच नाही. चांगल्या ताज्या जोडात तो एक ते तीन मायक्रॉन असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. पण हे संयुग कडक आणि ठिसूळ आहे. सोल्डर थोडं वाकतं, हे तडकतं. थर जाड झाला की धक्का आणि ताण सोल्डर सोसत नाही, तो थर फुटतो. सोल्डर वितळलेलं असताना थर झपाट्यानं वाढतो. थिजल्यावरही वाढतो, फक्त फार हळू: जाडी वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे दुप्पट होण्यासाठी चौपट वेळ लागतो. शेतातल्या काही वर्षांत जेवढा थर वाढायचा तेवढा वाढणारच. आपल्या हातात आहेत ती सोल्डर वितळलेली राहण्याची सेकंदं.

तापमान चढवलं तर काम लवकर होतं, मग थर कमी वाढेल, असं वाटतं. होतं उलटं. रिलेची पिन जाड, खाली दोन्ही बाजूंना रुंद ट्रॅक. ४५०च्या बिटला फ्लक्स क्षणात करपतं, तांब्यावर ऑक्साइड चढतं, सोल्डर पसरत नाही, म्हणून माणूस बिट टेकवूनच ठेवतो. दहा सेकंदं जातात. त्या वेळात थर वाढतो, कथीलप्रधान सोल्डर भोकाच्या कडेचं तांबं विरघळवतं, पॅड उचलला जातो, आणि बिटवरचा लोखंडी मुलामाही लवकर जातो.

उपाय खालून आहे. जोडाला साधारण २४५ अंशांपर्यंत न्यायचंय. बोर्ड ३० अंशांवर असेल तर बिटला तो २१५ अंश चढवावा लागतो. खालून हॉट एअरनं किंवा प्रीहीटरनं बोर्ड हळूहळू १०० अंशांवर आणला तर चढ राहतो १४५चा. बिटचं ओझं तिसऱ्या हिश्श्यानं कमी झालं, आणि तापमान मात्र ३६०च्या वर न्यावं लागलं नाही. बिट रुंद, छिन्नीच्या आकाराची घ्या. टोकदार बिटनं हे काम करायचं नाही, तिच्या टोकातून उष्णता पुरेशी जातच नाही.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूनं आलेला बोर्ड आधी १०५ अंशांवर काही तास सुकवा, नाहीतर आत मुरलेलं पाणी वाफ होऊन बोर्डाचेच थर फुगवतं. डिस्प्ले आणि प्लास्टिकचे भाग आधी काढा.

मग पिनेला आणि पॅडला इलेक्ट्रॉनिक्सचं रोझिन फ्लक्स लावा. छोट्या डबीतली पत्रा-नळकामाची पेस्ट नको. तिच्यात झिंक क्लोराइड असतं, ते राहिलं की ओलाव्यात ट्रॅक खातं. बिट पिन आणि पॅड दोघांना एकदम टेकवा, वायर बिटला नाही, समोरच्या बाजूनं जोडाला लावा. तीन सेकंदांत सोल्डर पसरून भोकातून वरच्या बाजूला दिसलं पाहिजे. पाच सेकंदांत दिसलं नाही तर थांबा. थंड होऊ द्या, फ्लक्स पुन्हा लावा, बोर्ड आणखी तापवा. दाबून धरणं हा उपाय नव्हे.

आता पाहणी. एसएसीचा जोड चकचकीत नसतो, तो थोडा मंद, दाणेदार दिसतो. केवळ त्यावरून ड्राय सोल्डर म्हणून पुन्हा तापवणारे लोक चांगला जोड बिघडवतात. चमक पाहू नका, कड पाहा. सोल्डर पॅडवर आणि पिनेवर पातळ होत चढलेलं असावं, कडेचा कोन लहान असावा. पावसाच्या थेंबासारखं फुगून बसलं असेल तर ते धरलेलं नाही.

एक फसवं रूप वेगळं ओळखा: सोल्डर आधी पसरतं आणि मग मागे सरून गोळे होतं, मध्ये राखाडी पातळ लेप राहतो. तिथे ठिसूळ संयुग उघडं पडून ऑक्सिडाइज झालेलं असू शकतं. वर कितीही सोल्डर टाकलं तरी ते धरत नाही. विकनं सगळं काढा, फायबर ब्रशनं हलकं घासून तांबं दिसतं का पाहा. दिसलं तरच पुढे चला.

थराची जाडी डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी जोड कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. दुकानात कळते ती जोडाची विद्युत अवस्था. बोर्ड मेन्सपासून पूर्ण सोडवा, बेंच सप्लायनं त्या पिनेतून ५ अँपियर कमी व्होल्टेजवर सोडा आणि पिन ते ट्रॅक किती मिलिव्होल्ट पडतात ते मोजा. शेजारच्या न उघडलेल्या तशाच पिनेशी तुलना करा. आकडा जवळपास सारखा हवा. मग बोर्ड गरम असतानाच लाकडी काडीनं रिले हलवून पुन्हा मोजा. आकडा उड्या मारत असेल तर जोड सुटलेलाच आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फ्लक्स धुवा.

तोच बोर्ड त्याच पिनेसाठी परत आला तर तिथे पुन्हा पुन्हा सोल्डर भरू नका. भोकाच्या कडेचं तांबं दर वेळी कमी होतं आणि थर दर वेळी वाढतो. ट्रॅकचा लेप खरवडून तांब्याची अनेक तारी वायर पिनेपासून रुंद ट्रॅकवर न्या, दोन्ही टोकं सोल्डर करा, मध्ये थोडा ढिला वळसा ठेवा. मग करंट एकट्या त्या जोडावर अवलंबून राहत नाही, आणि फायबरच्या फुगण्याचा ताण वळसा घेतो.