बॉम्ब कॅलरीमीटरचं गणित: तापमानवाढीपासून ΔU आणि मग ΔH कसं काढायचं

भाचा ठाण्यात बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मी महापेला एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये फ्युएल टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर बॉम्बच उडवत असतो म्हणा ना. गेल्या रविवारी तो जर्नल घेऊन घरी आला, चहा व्हायच्या आतच विचारतो, "मामा, ते Δn RT प्लस करायचं की मायनस, तेवढंच सांग." वही बघितली तर त्यानं ते बरोबरच केलं होतं, अर्धं पान त्या ५ किलोजूलवर खर्च झालेलं, आणि तिकडे पहिल्याच ओळीत तापमानवाढ घेताना ३२ किलोजूल गळून गेलेले. म्हणून म्हटलं त्याचंच गणित घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून टाकतो.

त्यानं जाळलं होतं नॅफ्थलीन, ०.६१२ ग्रॅमची दाबलेली गोळी. (नॅफ्थलीन म्हणजे डांबरगोळीच, पण दुकानातली आणून जाळायची नाही हां, त्यातल्या कित्येक आता पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात, त्यात क्लोरीन, ते जळलं की आम्ल तयार होऊन आतलं स्टील खातं.) गोळी छोट्या वाटीत, तिला टेकलेली बारीक फ्यूज वायर, बॉम्बमध्ये, म्हणजे स्टीलच्या घट्ट बंद भांड्यात, साधारण २५-३० बार ऑक्सिजन, आणि हा अख्खा बॉम्ब पाण्याच्या बादलीत बुडवलेला. बटण दाबलं की वायर पेटते, गोळी जळते, पाणी तापतं. आपल्या हातात येतो तो फक्त थर्मामीटरचा आकडा, बाकी सगळं हिशोबानं काढायचं.

पहिलं काम: कॅलरीमीटरची उष्णताधारकता

बॉम्ब, बादली, पाणी, स्टरर हे सगळं मिळून १ अंश तापायला किती उष्णता लागते ते आधी माहीत हवं. त्यासाठी ज्याची उष्णता पक्की ठाऊक आहे असा पदार्थ जाळतात, तो म्हणजे बेंझॉइक ॲसिड, ग्रॅमला २६.४३ किलोजूल. भाच्याला लॅबमधून मिळालेल्या चिठ्ठीवर होतं: बेंझॉइक ॲसिड ०.९८४ ग्रॅम, वायर ८ सेंमी जळाली, सुधारित तापमानवाढ २.५६५ अंश. ॲसिडची उष्णता ०.९८४ × २६.४३ म्हणजे २६.००७ किलोजूल. वायर निक्रोमची, ती सेंटीमीटरला साधारण ९.६ जूल देते, म्हणजे ८ सेंमीचे ०.०७७. बेरीज २६.०८४, भागिले २.५६५, आली १०.१७ किलोजूल प्रति केल्विन. बस, हा आकडा आता पकडून ठेवायचा, पाणी प्रत्येक वेळी तेवढंच वजन करून घ्यायचं, नाहीतर हा आकडा बदलला.

इथे एक मोठी चूक होते. बादलीत २ किलो पाणी असतं, त्याचे ८.३६ किलोजूल प्रति केल्विन, आणि काही जण हे १०.१७ मध्ये परत मिळवतात. अरे, ते आत आहेच! १०.१७ मधले ८.३६ पाण्याचे, उरलेले १.८ स्टीलचे आणि बाकी सामानाचे. परीक्षेच्या गणितात "बॉम्बची उष्णताधारकता १.८ आणि पाणी २ किलो" असं वेगवेगळं दिलं असेल तरच बेरीज करायची, "कॅलरीमीटरची एकूण उष्णताधारकता" म्हटलं असेल तर पाण्याला हातच लावायचा नाही. डबल धरलं तर नॅफ्थलीनचं उत्तर मोलला ९४०० च्या आसपास येतं, खऱ्याच्या जवळपास दुप्पट.

दुसरं काम: खरी तापमानवाढ

इथेच भाच्याचे ३२ किलोजूल गेले. त्यानं काय केलं, बटण दाबायच्या वेळचं तापमान २६.८२२, आणि नंतर १२ व्या मिनिटाला जे स्थिरावल्यासारखं वाटलं ते २९.२२८, वजा केलं, २.४०६. दिसायला चोख. पण बादलीच्या बाहेरचं जॅकेट असतं २८ च्या आसपास, म्हणजे आधी बादली थंड म्हणून बाहेरून उष्णता आत येत होती, गोळी जळल्यावर बादली गरम झाली आणि उष्णता बाहेर जायला लागली, शिवाय स्टरर फिरून थोडं तापवतोच. मे महिन्यात आपल्याकडे एसी लावून खोली गार ठेवली आणि झोत थेट उपकरणावर आला तर हे आणखी बिघडतं.

म्हणून बटण दाबायच्या आधी ५ मिनिटं आणि नंतरही ५-६ मिनिटं दर मिनिटाला वाचन घ्यायचं. भाच्यानं घेतलं होतं, नशीब, फक्त वापरलं नव्हतं. आधीचा कल होता मिनिटाला +०.००२ अंश, नंतरचा −०.००३. आता प्रश्न असा की आधीचा कल कुठपर्यंत धरायचा आणि नंतरचा कुठून. नेहमीची पद्धत अशी की एकूण वाढीचा ६३ टक्के भाग ज्या क्षणी झाला तिथे रेघ मारायची. त्याच्या आलेखात बटण दाबलं ५ व्या मिनिटाला आणि ६३ टक्के झाले ६.२ व्या मिनिटाला. मग पहिला तुकडा १.२ मिनिटांचा, त्यात बाहेरून आलेले ०.००२ × १.२ म्हणजे ०.००२४ अंश, हे वजा करायचे कारण ते आपल्या गोळीचे नाहीत. दुसरा तुकडा ६.२ ते १२, म्हणजे ५.८ मिनिटं, त्यात बाहेर गेलेले ०.००३ × ५.८ म्हणजे ०.०१७४, हे परत मिळवायचे. २.४०६ − ०.००२४ + ०.०१७४ = २.४२१ अंश.

फरक फक्त ०.०१५ अंशाचा, पण ही उष्णता शेवटी ०.००४७७५ मोलनं भागली जाणार आहे, त्यामुळे तो मोठा होऊन बसतो. आणि हो, केल्विन करायला २७३ मिळवू नका, फरकाला अंश सेल्सिअस आणि केल्विन एकच. (कुणी विचारेल, बेंझॉइक ॲसिडच्या वेळीही सुधारणा केली नसती तर? तर बराचसा दोष दोन्हीकडून कटला असता. पण एकीकडे केली आणि दुसरीकडे नाही, की गेलं.)

तिसरं काम: ΔU

आता सरळ आहे. १०.१७ × २.४२१ = २४.६२२ किलोजूल. यात वायरचा वाटा आहे, या वेळी ७ सेंमी जळाली, म्हणजे ०.०६७, तो काढला की २४.५५५ किलोजूल नॅफ्थलीनचे. लांबी मोजताना उरलेले तुकडे मोजून मूळ लांबीतून वजा करायचे, वितळून झालेले बारीक मणी उरलेल्यात धरायचे नाहीत.

मोलकडे जायच्या आधी मी नेहमी ग्रॅमचा आकडा बघतो, सवयच लागलीय. २४.५५५ भागिले ०.६१२, ग्रॅमला ४०.१. हायड्रोकार्बनला हे शोभतं, डिझेल साधारण ४५ च्या घरात, साखर १६.५. इथे १० किंवा ८० आलं असतं तर पुढे जाऊच नका, मागे कुठेतरी गडबड आहे. थोडं कमी आलं तर बॉम्ब उघडून आत काजळी आहे का ते बघा. वाटी काळी झाली असेल किंवा न जळलेले कण उडालेले दिसले तर ज्वलन पूर्ण झालेलं नाही, बहुतेक ऑक्सिजन कमी पडलाय नाहीतर गोळी नीट दाबलेली नव्हती, आणि ते वाचन कुठल्याही सुधारणेनं वाचत नाही, फेकूनच द्यायचं.

०.६१२ भागिले मोलर वस्तुमान १२८.१७, म्हणजे ०.००४७७५ मोल. २४.५५५ ला त्यानं भागलं की ५१४२. पाणी तापलं म्हणजे उष्णता अभिक्रियेतून बाहेर आली, म्हणून चिन्ह ऋण: ΔU = −५१४२ किलोजूल प्रति मोल.

आणि हे ΔU का, ΔH का नाही? बॉम्बचं झाकण घट्ट, आकारमान बदलत नाही, वायूला बाहेर ढकलून काम करायला वावच नाही. मग आलेली सगळी उष्णता आंतरिक ऊर्जेतलाच फरक. उघड्यावर, स्थिर दाबाखाली जाळलं असतं तर वायूंचं आकारमान बदलून थोडं काम झालं असतं, आणि तेव्हाची उष्णता म्हणजे ΔH, तो हिशोब आता करायचा.

चौथं काम: ΔH

```
C10H8(s) + 12 O2(g) → 10 CO2(g) + 4 H2O(l)
ΔH = ΔU + Δn·R·T
```

Δn म्हणजे फक्त वायूंचे मोल, नंतरचे वजा आधीचे. १० वजा १२, −२. पाणी इथे द्रव, त्यामुळे ते मोजायचं नाही. "पण बॉम्बमध्ये एवढं तापतं तर वाफ नाही का होणार?" भाच्याचा रास्त प्रश्न. ज्वालेजवळ होते, पण शेवटी बॉम्ब २९ अंशाला आलेला असतो आणि सुरुवातीलाच आत साधारण १ मिली पाणी टाकलेलं असतं, त्यानं आतली हवा आधीच वाफेनं भरून जाते, म्हणून तयार झालेलं पाणी जवळपास सगळं द्रवच होतं. चुकून वाफ धरली तर Δn होतो +२, चिन्हच उलटं, आणि उत्तरात १० किलोजूलचा घोळ.

R ८.३१४ आहे ते जूलमध्ये, आपलं बाकी सगळं किलोजूलमध्ये, म्हणून ०.००८३१४ घ्यायचं. −२ × ०.००८३१४ × २९८ = −४.९६. हे जूल-किलोजूलचं विसरून ४९५५ वजा करणारी वही मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे, मोलला दहा हजार किलोजूल आले होते आणि खाली दोन रेघा मारलेल्या! T ला २९८ घेतलं काय नि ३०२ घेतलं काय, फरक ०.०७ चा, त्यावर वाद घालू नका. तर −५१४२ आणि −५, ΔH = −५१४७ किलोजूल प्रति मोल.

साखरेचं गणित आलं तर हा भाग शून्य होतो बरं का, १२ ऑक्सिजन आत आणि १२ कार्बन डायऑक्साइड बाहेर, ΔU आणि ΔH एकच. बेंझॉइक ॲसिडला ७.५ आत, ७ बाहेर, म्हणून Δn −०.५, अर्धा मोल बघून घाबरायचं नाही.

पुस्तकात नॅफ्थलीनचं −५१५६ दिलंय, आपलं ९ नं कमी. भाचा लगेच म्हणाला, "म्हणजे अजून चुकलंच ना?" मी त्याला तराजू किती स्थानांचा होता ते विचारलं. तीन. म्हणजे ०.६१२ हे ०.६११ ही असू शकतं, आणि तेवढ्यानं मोलला ८ किलोजूल हलतात. थर्मामीटर ०.००२ नं इकडेतिकडे झाला तर आणखी ४. आतल्या हवेतल्या नायट्रोजनपासून थोडं नायट्रिक ॲसिड होतं त्याची उष्णता धरलीच नाही, आणि ३० बारवरून १ बारवर आणायची सुधारणा तर कॉलेजात कुणी करतच नाही. ज्या ५ किलोजूलसाठी त्यानं अर्धं पान भरलं ते तराजूच्या शेवटच्या आकड्यापेक्षाही लहान होते, तरी लिहायचे, कारण ते ठाऊक आहेत. शेवटी त्यानं जर्नलमध्ये −५१४७ खोडून "−५१५०, साधारण १० इकडेतिकडे" असं लिहिलं आणि चहा गार झाला म्हणून माझ्यावरच डाफरला.