एका फोटोवरून स्टिकरचा संच काढताय? चेहरा हरवणाऱ्या या चुका टाळा

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी मी आत्याच्या एका फोटोवरून नऊ स्टिकर काढले, अर्थात तिला विचारूनच. पहिली फेरी पाहून चुलतभाऊ म्हणाला, "हसतेय ती आपली आत्या. पण ही दचकलेली बाई कोण?" त्या चित्रात चष्मा होता, गालावरचा तीळ होता, अंबाडाही होता. तरी ती आत्या नव्हती. नऊही चित्रं अर्धपारदर्शक करून मूळ रेखाटनावर एकेक ठेवली तेव्हा उलगडा झाला. भाव आणण्याच्या नादात मी चेहऱ्यातल्या न हलणाऱ्या गोष्टी हलवल्या होत्या आणि हलायला हव्यात त्या जागच्या जागी ठेवल्या होत्या.

कपाळाचं हाड, डोळ्यांच्या खोबण्या, नाकाचा दांडा, कान आणि वरचे दात हे सगळं कवटीला धरून असतं. माणूस हसो की रडो, त्यांच्यातली अंतरं बदलत नाहीत. भुवया, पापण्या, गाल, ओठ आणि खालचा जबडा तेवढे हलतात. म्हणून आता मी आधी एक शांत चेहरा काढते आणि त्याचे दोन थर करते: न हलणाऱ्या भागांचा एक, हलणाऱ्यांचा दुसरा. पहिल्या थराला कुलूप. प्रत्येक स्टिकर याच शांत चेहऱ्यावरून सुरू करायचा, आधीच्या स्टिकरवरून नाही. हसऱ्यावरून लाजरा, लाजऱ्यावरून रुसलेला असं करत गेलात, तर दर वेळी डोळे किंचित सरकतात आणि सहाव्या चित्रापर्यंत माणूस बदललेला असतो.

तोंड उघडलं, पण हनुवटी तिथेच

ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि दचकलेल्या आत्यात हीच झाली होती. मी चेहऱ्याची बाह्यरेषा तशीच ठेवून आत एक मोठं गोल तोंड बसवलं होतं. त्यामुळे खालचा ओठ हनुवटीला टेकला आणि वरचा नाकात घुसला. खरं तर तोंड उघडतं ते खालच्या बाजूला. जबड्याची बिजागरी कानाच्या पुढ्यात असते, तिथून जबडा खाली येतो, हनुवटी उतरते आणि गाल ताणले जाऊन थोडे बसतात. माझ्या 2048 पिक्सेलच्या कॅनव्हासवर शांत चेहऱ्यात नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत 410 पिक्सेल होते. दचकलेल्या चेहऱ्यात ते 520 केले, बाह्यरेषा कानाच्या पाळीपासून खाली नव्याने काढली, आणि आत्या परत आली. चेहरा लांबला म्हणून ओळख जात नाही. उघडलेलं तोंड वरून चिकटवल्यासारखं दिसत असेल, तर हनुवटी खाली न्यायची राहिली आहे असं समजा.

याचीच दुसरी बाजू दातांची. मोठ्याने हसताना वरचा ओठ वर सरकतो आणि दात जास्त दिसतात, पण दात स्वतः हलत नाहीत. आत्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ही फट तिच्या ओळखीची मोठी खूण, आणि मी ती तीन स्टिकरमध्ये तीन ठिकाणी काढली होती. आता वरचे दात मी कुलूपबंद थरावर पूर्ण काढून ठेवते, ओठांचा थर त्यांच्यावर असतो. ओठ सरकतील तेवढेच दात उघडे पडतात, त्यामुळे फट दर वेळी आपोआप योग्य जागी येते.

इमोजीच्या भुवया उसन्या घेणं

राग म्हटलं की हात आपोआप दोन सारख्या तिरक्या भुवया काढतो, त्या मधे खाली आणि बाहेर वर. त्या इमोजीच्या असतात, माणसाच्या नाहीत. आत्याची डावी भुवई शांत चेहऱ्यातही उजवीपेक्षा थोडी वर आहे. रागात दोन्ही भुवया खाली येतील, जवळही येतील, पण हा फरक राहील. तो पुसला की चेहऱ्यातलं तिचंपण जातं. चेहऱ्याचा एक अर्धा भाग काढून त्याची आरशातली प्रत दुसऱ्या बाजूला लावणाऱ्यांचं नेमकं हेच नुकसान होतं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो उलटा जतन झालेला असू शकतो, तेही आधी तपासा. तीळ खरोखर कोणत्या गालावर आहे हे घरातल्या कुणालाही विचारता येतं.

सुरकुत्यांचंही तसंच. कातडी कुठे मुडपते हे माणसागणिक ठरलेलं असतं आणि वय झालेल्या चेहऱ्यावर त्या खुणा शांत फोटोतही दिसतात. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी रेषा, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा, भुवयांमधली एखादी उभी रेषा. हसताना, चिडताना याच रेषा खोल करायच्या, दुसऱ्या कुठल्या चित्रातून नव्या आणायच्या नाहीत.

फक्त तोंड हसतं

ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने 1862 मध्येच लिहून ठेवलं, की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे ओढणाऱ्या स्नायूसोबत डोळ्याभोवतीचा स्नायूही काम करतो. गाल वर येतात, खालची पापणी किंचित चढते, डोळा बारीक होतो. तपासणी सोपी आहे: स्टिकरचं तोंड बोटाने झाका. उरलेल्या चेहऱ्यावरून भाव ओळखू आला नाही, तर काम अर्धंच झालंय. आत्याच्या बाबतीत चष्म्याने फार मदत केली. चष्मा नाकावर आणि कानांवर टेकलेला, म्हणून तो जागेवरच राहतो. हसताना गाल फ्रेमच्या खालच्या कडेला भिडतात, दचकताना भुवया वरच्या कडेच्या बऱ्याच वर जातात. किती हललं ते मोजायला ही आयती पट्टी मिळते.

मूळ फोटोच चुकीचा

हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी घेऊ नका. सुमारे 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं आणि कान मागे जातात. ते बिघडलेलं प्रमाण मग साऱ्या संचात उतरतं. दीड-दोन मीटरवरून, थोडं झूम करून काढलेला शांत चेहऱ्याचा फोटो घ्या.

मोठ्या पडद्यावर छान, चॅटमध्ये डाग

व्हॉट्सअॅपला स्थिर स्टिकर 512 × 512 पिक्सेलचा, पारदर्शक पार्श्वभूमीचा, वेबपी प्रकारातला आणि 100 केबीच्या आतला लागतो. एका संचात किमान तीन, जास्तीत जास्त 30 स्टिकर. पण चॅटमध्ये तो अंगठ्याएवढाच दिसतो. काम चालू असताना मधूनमधून चित्र तेवढं लहान करून बघा. माझ्या पहिल्या फेरीतल्या पापण्यांच्या बारीक रेषा लहान आकारात एकत्र मिसळून डोळ्यांखाली काळी वर्तुळं झाली होती. रेषा कमी केल्या, उरलेल्या जाड केल्या. तीळ मात्र खऱ्यापेक्षा दुप्पट मोठा ठेवला, नाहीतर तो दिसतच नाही. 512 पिक्सेलच्या अंतिम आकारात बाहेरून सुमारे 8 पिक्सेलची पांढरी कड दिसेल अशी द्या, नाहीतर गडद पार्श्वभूमीवर काळे केस नाहीसे होतात.

संगणकावर काम करत असाल, तर वेबपीत रूपांतर करणारी cwebp ही आज्ञावली बसवून घ्या, मग शेवटचं रूपांतर एका ओळीत होतं:

```
cwebp -q 80 -resize 512 512 raag.png -o raag.webp
```

फाइल 100 केबीच्या वर गेली, तर `-q` चा आकडा 70 करून बघा. तरी उतरली नाही, तर गालांवरची रंगांची बारीक छटा काढून सपाट रंग भरा. त्याने चेहऱ्याची ओळख बिघडत नाही.

दुरुस्त केलेला संच दाखवताना मी चुलतभावाला फोटो पुन्हा बघू दिला नाही. फोटो शेजारी असला की डोळा साम्य शोधून काढतोच. नऊही स्टिकर लहान आकारात, क्रम बदलून पाठवले. आठ त्याला पटले. रुसलेल्या आत्यावर अडला, म्हणाला, "ती रुसली की ओठ पुढे काढत नाही, आत घेते." फोटोत हे कुठेच नव्हतं. तो नववा मी परत काढला.