गरोदरपणातली बद्धकोष्ठता: लाल गोळी बंद करण्याआधी या चुका टाळा

गरोदर बाईच्या घरी भेट दिली की मी गोळ्यांचा डबा बघायला मागते. कार्डावर रोजची नोंद असते, आणि डब्यात मात्र लोहाच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडलेल्या असतात. विचारलं की आधी "विसरते हो सिस्टर" असं उत्तर येतं. जरा निवांत बसून बोललं की खरं कारण बाहेर येतं. "त्या गोळीनं खडा होतो. चार-चार दिवस शौचाला होत नाही. झालं तर डोळ्यांतून पाणी येतं."

हा त्रास खरा आहे, तो सहन करत बसायचं काही कारण नाही. पण त्यावर गोळी बंद करणं, हा उपाय सगळ्यात जास्त बायका करतात आणि तोच सगळ्यात महागात पडतो. गोळी चालू ठेवूनही पोट साफ राहू शकतं, फक्त दिवसाची मांडणी बदलावी लागते.

आतड्यात नेमकं काय होतं

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. गर्भाशय सैल राहावं म्हणून ते हवंच असतं, पण त्यामुळे आतड्याचे स्नायूही सैलावतात. अन्न हळूहळू पुढे सरकतं आणि मोठं आतडं त्यातलं पाणी जास्त वेळ शोषत राहतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वाढलेलं गर्भाशय आतड्यावर आणि गुदाशयावर दाब देऊ लागतं. या दोन्हींच्या जोडीला लोहाची गोळी येते. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. त्यातलं बरंचसं लोह रक्तात न जाता आतड्यातच उरतं आणि तेच मळ घट्ट करतं. शौचाचा रंग काळपट होतो तोही त्याच उरलेल्या लोहामुळे. त्या रंगाला घाबरू नये.

कॅल्शियमच्या गोळ्यांनीही काहींना खडा होतो. सगळा दोष लाल गोळीवर जातो, कॅल्शियमकडे कुणाचं लक्ष जात नाही.

चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम

तासगाव भागातली एक सातव्या महिन्यातली बाई. हिमोग्लोबिन ९.२, म्हणून डॉक्टरांनी लाल गोळ्या दिवसाला दोन केलेल्या, शिवाय कॅल्शियमच्या दोन. सकाळी कामं उरकायच्या घाईत ती चारही गोळ्या चहाबरोबर एकदम घ्यायची, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नको. चौथ्या दिवशी शौचाला जायची आणि शेळीच्या लेंड्यांसारखा मळ जोर लावून काढायची. मग तिने आपल्याच मनाने लाल गोळ्या सोडल्या.

तिच्या बाबतीत चूक गोळीची नव्हती, वेळेची होती. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि कॅल्शियमही लोह शोषू देत नाही. म्हणजे ती गोळ्या घेत होती तेव्हा त्यातलं रक्तात फार थोडं जात होतं, बाकीचं आतड्यात राहून त्रास देत होतं. रक्त वाढेना आणि खडा मात्र होई.

आम्ही तिची वेळ अशी लावून दिली. सकाळी उठल्यावर दोन फुलपात्रं कोमट पाणी, मग नाश्ता आणि चहा. अकराच्या सुमाराला, चहाला निदान तास-दीड तास होऊन गेल्यावर, एक लाल गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. एकच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी, संध्याकाळी साडेसातच्या जेवणाबरोबर दुसरी. दुसरी लाल गोळी झोपताना, जेवणाला दोन तास झाल्यावर. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर एवढं एकच सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरतं. दूध आणि ताकातही कॅल्शियम असतं, तेव्हा लाल गोळी त्यांच्याबरोबर नको.

रिकाम्या पोटी गोळीने मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्यावी. शोषण जरा कमी होईल, पण गोळी पोटात टिकेल.

पाणी न पिता चोथा वाढवणं

बद्धकोष्ठता म्हटलं की "पालेभाजी खा, इसबगोल घे" असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण पाण्याशिवाय चोथा वाढवला तर मळ आणखी घट्ट होतो, पोट फुगतं, आणि बाई म्हणते "सिस्टर, उपायानेच वाढलं."

याच बाईने सुरुवातीला तसंच केलं होतं. इसबगोल चमच्याने तोंडात टाकायचं आणि वर घोटभर पाणी. कारण विचारलं तर कळलं की संडास अंगणापलीकडे आहे, रात्री लघवीला उठून तिकडे जावं लागतं, म्हणून ती दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. असल्या अडचणीवर उपाय न काढता नुसतं "भरपूर पाणी प्या" म्हणण्याला अर्थ नाही. मग आम्ही पाण्याचा मोठा वाटा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा यातच बसवला. दिवसाला अडीच ते तीन लिटर द्रव पोटात जायला हवं, त्यात ताक, आमटी, कढण, सरबत सगळं धरायचं. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय. मोजण्यापेक्षा ही खूण सोपी आहे.

इसबगोल घ्यायची रीत नीट समजून घ्या. सुरुवात एका चहाच्या चमच्याने. पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळायचं आणि घट्ट व्हायच्या आत लगेच प्यायचं, त्यावर आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकू नये, ते घशातच फुगून अडकू शकतं. लाल गोळीपासून दोन तास लांब ठेवायचं, म्हणून आम्ही तिला संध्याकाळी पाचची वेळ दिली. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्याच दिवशी काही झालं नाही म्हणून चमचे वाढवायचे नाहीत. तीन दिवसांनी गरज वाटली तर दोन चमचे.

खाण्यात तिच्याकडे पोहे, उप्पीट, भात आणि चहाबरोबर बिस्किटं, एवढंच चाललं होतं. भाकरी "उष्ण पडते" म्हणून बंद केलेली. आम्ही ज्वारीची भाकरी परत सुरू केली, रोज वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, एक वेळ मेथी किंवा शेपू, आणि बियांसकट पेरू. तासगावात बेदाणा घरोघरी असतो. पंधरा-वीस दाणे रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट खायचे. हे सगळं एका दिवसात सुरू करू नका, गॅसेस होतील. आठवडाभरात एकेक वाढवा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर बेदाणा आणि फळांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पिकलेली पपई चालते. कच्ची किंवा अर्धीकच्ची मात्र टाळावी.

एरंडेल आणि चूर्णं

सासूबाई मायेनेच म्हणतात, "जरा एरंडेल घे, पोट साफ हुईल." आपल्याकडे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण गरोदर बाईने एरंडेल घेऊच नये. त्याने आतडं जोरात आवळतं, जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि गर्भाशयालाही कळा सुरू होऊ शकतात. सासूबाईंना हे समोर बसवून, मान ठेवून सांगावं लागतं. सुनेच्या हाती निरोप धाडून उपयोग होत नाही.

पोट साफ होण्याच्या चूर्णांची गोष्टही लक्ष देण्यासारखी आहे. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून ती घेतली जातात. त्यांतल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, आणि ती आतड्याला चाळवणारी आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती नको. पाकिटामागची घटकांची यादी वाचायची सवय लावा. पॅराफिनचं पातळ औषधही मनाने घेऊ नये, त्याने काही जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत.

मग औषध कोणतं? आहार, पाणी आणि इसबगोल करूनही आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टर बहुधा लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. ते रक्तात जवळपास जात नाही, आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करतं. गुण यायला दोन दिवस लागू शकतात, सुरुवातीला पोट जरा फुगतं. साखर असेल तर ते आधी सांगायचं.

आणि तरीही गोळी सोसवत नसेल तर ते स्पष्ट सांगा. डॉक्टर गोळीचा प्रकार किंवा मात्रा बदलू शकतात. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर चौथ्या महिन्यानंतर शिरेतून लोह देण्याची सोय मोठ्या सरकारी दवाखान्यात असते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तेव्हा हे विचारायचं. गोळ्या गुपचूप डब्यात साठवल्या तर यातलं काहीच होत नाही.

कळ आली की थांबवणं

नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं. नेमकी तीच वेळ भांडी आणि डब्यांची असते, मग बाई कळ मारून नेते. दोन-चारदा दाबली की कळ यायचीच कमी होते. नाश्त्यानंतरची दहा मिनिटं घरच्यांनी तिला मोकळी द्यायला हवीत, हे मी नवऱ्याला आणि सासूबाईंना मुद्दाम सांगते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर बसण्याची ढब योग्यच आहे, फक्त उठताना धरायला भिंतीला काहीतरी पक्कं हवं. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. श्वास कोंडून जोर लावू नका, त्याने मूळव्याध वाढते.

त्या बाईला पाचव्या दिवशी मऊ शौचाला झालं. पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.१ आलं.

घरी थांबायचं नाही अशी लक्षणं

शौचाबरोबर लाल रक्त गेलं तर बहुधा मूळव्याध किंवा चीर असते, पण तपासून घ्यावं. लोहामुळे येणारा काळपटपणा वेगळा आणि डांबरी, चिकट, घाण वासाचं शौच वेगळं. दुसरं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. पोट फुगलंय, वायूही सरत नाही आणि उलट्या होतायत, तेव्हाही लगेच निघायचं. बरेच दिवस खडा असताना एकदम पाण्यासारखं झिरपू लागलं तर ते जुलाब समजून जुलाबाचं औषध घेऊ नका, आत मळ अडकलेला असू शकतो. आणि पोटात थांबून थांबून, ठरावीक वेळाने कळा येत असतील, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर "पोट साफ नाही म्हणून दुखतंय" असं घरी कुणी ठरवू नये. त्या कळा बाळंतपणाच्याही असू शकतात.

लाल गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. टाके असलेली बाई भीतीने शौच रोखते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात खडा हमखास होतो. म्हणून पाण्याची आणि गोळ्यांची हीच वेळ तेव्हाही चालू ठेवा, आणि मळ मऊ करणारं औषध दवाखान्यातून घरी सोडतानाच मागून घ्या.