‘यादी पोहोचली नाहीत’: लांब वाक्यातली फसगत

‘यादी पोहोचली नाही’ हे लिहिताना कुणी चुकत नाही. पण ‘यादी’ आणि ‘पोहोचली’ यांच्यामध्ये अर्धी ओळ घाला, मग बघा:

‘अवकाळी पावसाने नुकसान झालेल्या द्राक्षबागांच्या पंचनाम्यांची यादी, जिच्यात निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतली चाळीस गावे आहेत, मंत्रालयात अजून पोहोचली नाहीत.’

कानाला फारसं खटकत नाही ना? गोम ‘पोहोचली’ या रूपात आहे. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन दोन्हींचं रूप ‘-ली’च: यादी पोहोचली, गावे पोहोचली. लिहिणाऱ्याच्या डोक्यात शेवटची ‘गावे’ घोळत असतात, ‘पोहोचली’ दोघींनाही चालून जातं आणि चूक उघडी पडते ती फक्त ‘नाहीत’मधल्या ‘त’मध्ये. ‘यादी’च्या जागी ‘तक्ता’ असता तर ‘तक्ता पोहोचली नाहीत’ हे कुणाच्याही नजरेत आलं असतं. म्हणून मुद्रितं तपासताना मी ‘-ली’ दिसलं की थांबतो आणि पुढचं ‘आहे’ की ‘आहेत’ वेगळं वाचतो.

कर्ता सापडत नसेल तर पेन्सिल घ्या. प्रत्यय लागलेली नामं खोडा: पावसाने, द्राक्षबागांच्या, पंचनाम्यांची, मंत्रालयात. प्रत्यय लागलेलं नाम क्रियापदाचं रूप ठरवू शकत नाही. उरली ‘यादी’ आणि ‘गावे’. गावांना त्यांचं स्वतःचं ‘आहेत’ मिळालेलं आहे, तेव्हा तीही खोडा. राहिली यादी, म्हणून ‘पोहोचली नाही’.

हीच पेन्सिल ‘-सह’ आणि ‘-पैकी’लाही चालते. ‘मुख्य आरोपी चार साथीदारांसह पळून गेले’ हे चूक. साथीदार खोडले की आरोपी एकटा उरतो, म्हणून ‘गेला’. ‘नव्या सदस्यांपैकी एकही हजर नव्हते’ इथेही ‘नव्हता’च हवं.

उलट्या बाजूची चूकही होते. ‘थकबाकीदारांनी बँकेने गेल्या वर्षी पाठवलेल्या नोटिशीची उत्तरे अद्याप दिली नाही.’ इथे कर्त्याला ‘-नी’ लागलाय, म्हणजे क्रियापद कर्माच्या, ‘उत्तरे’च्या मागे जाणार: ‘दिली नाहीत’. मध्ये आलेली एकवचनी ‘बँक’ आणि ‘नोटीस’ लिहिणाऱ्याला भुलवतात, आणि ‘दिली’ पुन्हा तसंच झाकून नेतं.

पेन्सिल एका ठिकाणी थकते. ‘पोलिसांनी पाठलाग करून चोरांना पकडले’ यात दोन्ही नामांना प्रत्यय आहेत, खोडल्यावर हाती काहीच उरत नाही. तिथे क्रियापद कुणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात राहतं. चोर कितीही असोत, पुढे ‘आहे’च येतं, ‘आहेत’ नाही.