फिगर ड्रॉइंगची तुलना करताना या चुका टाळा

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, दोराने ओढणाऱ्यांची स्केचेस मुलं घेऊन येतात. ती भिंतीवर शेजारी-शेजारी लावली की पाहणारे आधी डोकी मोजायला लागतात. माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात, पण हे माप ताठ उभ्या माणसाचं. रापणीचा दोर ओढणारा गुडघ्यात वाकून मागे रेललेला असतो. त्याच्या चित्रात टाळूपासून टाचेपर्यंत सरळ उंचीत साडेसात डोकी भरली, तर मुलाने समोरचा माणूस न बघता पाठ केलेलं माप उतरवलंय असं समजा. वाकलेल्या देहात अवयवांची एकमेकांशी तुलना करावी. कोपराच्या आतल्या घडीपासून मनगटापर्यंतची लांबी जवळपास पावलाएवढी असते. हात आणि पाऊल दोन्ही कडेने दिसत असतील तर ही पडताळणी चालते. हात आपल्या दिशेने आलेला असेल तर नाही.

त्याहून मोठी चूक तोलाच्या बाबतीत होते. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो त्या पावलाजवळ पडतो. हाच नियम रापणीवाल्याला लावून चांगली चित्रं बाद केली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. समजा, एका चित्रात माणूस पावलांवर नीट उभा आहे, प्रमाण निर्दोष आहे, दोर हातात आहे. दुसऱ्यात डोकं जरा मोठं झालंय, पण कंबर टाचांच्या बरीच मागे गेलीय आणि ओळंबा पावलांच्या मागे पडतोय. आता दोर बोटाने झाका. पहिला माणूस तसाच उभा राहतो, म्हणजे त्याने दोर नुसता धरलाय. दुसरा पाठीवर आपटेल असं वाटतं, कारण त्याचा भार दोराने पेललाय. हालचालीत दुसरं चित्र सरस. गुण देताना डोक्याची चूक प्रमाणाच्या रकान्यात नोंदवावी, तिच्यासाठी हालचालीचे गुण कापू नयेत.

रेषेच्या बाबतीत गडद म्हणजे ठाम असा गैरसमज आहे. काखेपासून टाचेपर्यंत एका ओढीत आलेली, टाचेशी भार जाणवून दाबली गेलेली फिकट रेघही ठाम असते. चुकलेली रेघ न खोडता शेजारी दुसरी मारली, तर तो डळमळीतपणा नव्हे. केसाळ, तुटक रेघांची गोष्ट वेगळी. आणि सफाईला भुलू नका: समोरून काढलेल्या पायात पोटरीचा बाहेरचा फुगवटा आतल्यापेक्षा वर असतो. दोन्ही एकाच उंचीवर आले, तर हात सवयीने फिरलाय.

दोन मिनिटांचं स्केच वीस मिनिटांच्या अभ्यासाशेजारी लावू नये, हे उघड आहे. पण सगळ्यांचीच डोकी आणि खांदे मोठे दिसले, तर मुलांनी बोर्ड कसा धरला होता ते विचारा. वाळूत बसून तो मांडीवर आडवा ठेवला की कागदाचा वरचा भाग तिरका, आखूड दिसतो आणि मूल नकळत तो ताणून काढतं.