सबवेत पाणी साचलंय: गाडी घालायची की थांबायचं?

मुसळधार पावसात सपाट रस्त्यावरचं पाणी आणि सबवेतलं पाणी वरून सारखंच दिसतं. सपाट रस्त्यावर खोली मोजायला खुणा असतात. फुटपाथची कड साधारण 15 सेंमी उंच असते, म्हणजे ती दिसत असेल तोवर छोटी गाडीही हळू निघून जाते. कड बुडाली असेल तर पुढच्या गाडीचं चाक बघा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर ते 30 सेंमीच्या घरात आहे, आणि तिथे छोट्या गाडीने जाऊ नये. पुढे बस किंवा एसयूव्ही असेल तर तिच्या चाकावरून अंदाज बांधू नका, तिचं चाक मोठं असतं.

सबवेत मात्र या खुणा कामाला येत नाहीत, कारण रस्ता खाली उतरत जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग सपाटच राहतो. समजा, उतार दर 20 मीटरला 1 मीटर आहे. पाण्याच्या काठावर पुढची चाकं जेमतेम ओली होतात, आणि तिथून 8 मीटर, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढं पुढे गेलं की चाकांखाली 40 सेंमी पाणी असतं. आता छोटी गाडी घ्या, माणसासकट 1,200 किलोची. तळ जमिनीपासून 17 सेंमी वर आणि तळाचं क्षेत्रफळ साधारण 6 चौरस मीटर. तळाच्या वर 20 सेंमी पाणी चढलं की गाडीने आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारलेलं असतं. आत पाणी शिरेपर्यंत ती तरंगायला लागते, आणि त्याच्या आधीच टायरची पकड सुटलेली असते. बॅटरीवरच्या गाडीला, पाणी शिरून इंजिन बंद पडेल असं हवा ओढायचं तोंड नसतं हे खरं, पण तरंगण्याचा हिशेब तिलाही चुकत नाही.

म्हणून सबवेचा निर्णय उतारावर नाही, उताराच्या वर घ्यायचा. तळाचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. पुढची गाडी पार झाली हा पुरावा धरू नका; पाणी चढतं असेल तर तिची खोली आणि तुमची खोली वेगळी असते. गाडी सुरक्षित जागी लावून काठाजवळची एक खूण धरा, भिंतीवरचा डाग किंवा रस्त्यावरचा पट्टा, आणि 10 मिनिटांनी पुन्हा बघा. पाऊस थांबला तरी वरच्या रस्त्यांवरचं पाणी बराच वेळ सबवेतच उतरत राहतं. खूण सलग दोनदा बघूनही पाणी ओसरताना दिसलं नाही, तर दुसरा रस्ता धरा. थांबताना पुढच्या-मागच्या गाड्यांत अडकणार नाही एवढी जागा पुढे सोडा. माझ्या मते ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे.

सपाट रस्त्यावरच्या कमी पाण्यातून जायचंच असेल तर समोरून येणारी बस आधी जाऊ द्या. तिची लाट क्षणभर पाण्याची उंची वाढवते. मग फर्स्ट गिअर टाका, माणसाच्या चालण्याच्या वेगाने निघा आणि मध्ये न थांबता, गिअर न बदलता ॲक्सिलरेटर एकसारखा धरा. जोरात गेलात तर बोनेटपुढे पाण्याची भिंत उभी राहते आणि नेमकी हवा ओढायच्या तोंडाशी पोहोचते. ते तोंड किती उंचीवर आहे हे कोरड्या दिवशी बोनेट उघडून, एअर फिल्टरपासून निघालेला जाड काळा पाइप धरत जाऊन बघून ठेवा. बाहेर पडल्यावर ब्रेक हलके हलके दोन-चार वेळा दाबा, ओल्या ब्रेकवर लगेच भरवसा ठेवू नका.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती ढकलून बाहेर काढलेली गाडी बऱ्याचदा साफसफाईवर सुटते, सेल्फ मारलेल्या गाडीचं इंजिन उघडावं लागतं.

आणि पाणी चढत असेल तर गाडीची काळजी तिथेच सोडा. सीट बेल्ट काढा, विजेवरच्या काचा चालतायत तोवर लगेच खाली करा, आणि मुलांना आधी बाहेर काढून खिडकीतून निघा. दारावर वेळ घालवू नका. दाराच्या तळापासून अर्धा मीटर पाणी चढलं की मीटरभर रुंद दारावर सव्वाशे किलोच्या आसपास दाब असतो. काच उघडत नसेल तर समोरची नाही, बाजूची काच फोडा, मध्यावर न मारता कोपऱ्यावर मारा. डोकं टेकायच्या उशीच्या लोखंडी दांड्या त्यासाठी वापरता येतात, पण गाडीत हातोडी असेल तर ती बरी, आणि ती डिकीत नको, हाताला लागेल अशी हवी.