रंग थांबवून पांढऱ्या केसांकडे येताना: पहिल्या नोंदीपासून शेवटच्या कापापर्यंतची तयारी

केस रंगवणे थांबवायचे ठरवले की सर्वांत आधी वहीत एक नोंद करावी: गेल्या तीन वर्षांत केसांना काय काय लावले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतच्या केसांची टोके अडीच वर्षांपूर्वीची असतात आणि तेव्हा लावलेला प्रत्येक थर त्यांच्यावर आजही असतो. खोक्यातून मिळणारा कायमस्वरूपी हेअर कलर कोणता होता, त्याची छटा काळी होती की गडद तपकिरी, मध्ये कधी मेंदी लावली का, तिच्यावर नीळ चढवली का, हे सगळे लिहावे. ‘अमोनियाविरहित’ असे छापलेला रंगही बहुधा कायमस्वरूपीच असतो, कारण त्यात अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली पदार्थ वापरलेला असतो. त्यामुळे तो धुऊन निघेल अशी आशा धरू नये. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांमध्ये मेंदीपेक्षा पीपीडी या रासायनिक रंगद्रव्याचेच काम अधिक असते. पाकीट जपून ठेवले असेल तर त्यावरची घटकांची यादीच वहीत उतरवून घ्यावी.

ही नोंद पार्लरमध्ये कामाला येते. रोज थोडे थोडे लावल्यावर केस हळूहळू काळे होतात अशा काही उत्पादनांत धातूंचे क्षार असतात, आणि अशा केसांवर ब्लीच लावल्यास केस तापतात, तुटतात. म्हणून शंका असेल तर मानेजवळची एक बारीक बट कापून द्यावी आणि तपासून मागावी. २० व्हॉल्यूमच्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे काही थेंब टाकून त्यात ती बट अर्धा तास बुडवून ठेवतात. भांडे कोमट झाले, उग्र वास आला किंवा बटेचा रंग झपाट्याने बदलला, तर त्या केसांवर ब्लीचचे कोणतेही काम करून घेऊ नये. त्यांच्यासाठी वाढवणे आणि कापणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरी नोंद मोजपट्टीची. डोक्याच्या मध्यावरून, कानामागून आणि मानेवरून अशी तीन ठिकाणी केसांची लांबी मोजावी आणि शेवटी ती किती ठेवायची हे आताच ठरवावे, कारण सगळा कालावधी याच आकड्यावर ठरतो. एक उदाहरण घेऊ. चोपन्न वर्षांच्या एका बाईंचे केस मध्यावर ३५ सेंटिमीटर लांब आहेत आणि त्या दर तीन आठवड्यांनी मुळांना काळा रंग लावतात. शेवटचा रंग त्यांनी १ मार्चला लावला आणि केस महिन्याला १.२ सेंटिमीटर वाढले असे धरू. जून सुरू होताना मुळाशी साडेतीन सेंटिमीटर पांढरे दिसेल, डिसेंबरच्या आरंभी जवळजवळ ११. लांबी आहे तशीच राखायची म्हटली, तर सगळे केस पांढरे व्हायला २९ महिने लागतील. त्याच बाई २१ सेंटिमीटरच्या बॉबवर यायला तयार असतील, तर पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे दीड वर्षात, काळ्याचा शेवटचा भागही निघून जाईल. हा हिशेब घरातल्यांसमोरच मांडावा. एखादे लग्न किंवा निवृत्तीचा समारंभ याच काळात येत असेल, तर शेवटच्या रंगाची तारीख त्यानुसार मागे-पुढे घेता येते. मात्र समारंभासाठी मध्येच ‘एकदाच’ मुळे रंगवून घेतली, तर मोजणी पुन्हा शून्यावर येते, हे आधीच ध्यानात असू द्यावे.

पहिले तीन महिने केसांवर कोणताही मोठा प्रयोग करू नये. आपला पांढरेपणा खरोखर कसा आहे हे तीन-चार सेंटिमीटर वाढ झाल्याशिवाय कळत नाही. बहुतेकांचे केस कानशिलांवर आणि कपाळालगत आधी पांढरे होतात आणि मानेवर सर्वांत उशिरा. भांगापाशी पांढरीशुभ्र झालेली बाई मागून पाहिली तर अर्धी काळीच असते. समोर सत्तर टक्के पांढरे आणि मागे वीस टक्के, अशी वाटणी असेल तर मिसळण्याचे बरेचसे काम निसर्गानेच करून ठेवलेले असते आणि खरी अडचण फक्त पुढच्या चार बोटांच्या पट्टीची राहते. नैसर्गिक उजेडात, खिडकीजवळ, दर महिन्याला समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून छायाचित्र काढून ठेवावे. पार्लरमधील दिव्यांखाली रंगाचा अंदाज चुकतो.

या काळात डोळ्यांना खुपते ती भांगावरची सरळ रेषा. ती मोडायला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भांग हलवणे: मधला भांग एका बाजूला घ्यावा किंवा कंगव्याच्या टोकाने नागमोडी पाडावा. मुळांवर लावायची पावडर किंवा स्टिक घ्यायची असेल तर ती काळी न घेता मध्यम राखाडी-तपकिरी घ्यावी, म्हणजे पांढरे आणि काळे यांच्यामध्ये एक तिसरी छटा येते आणि रेषा विरघळल्यासारखी दिसते. शाम्पूने ती निघून जाते, त्यामुळे वाढीच्या मोजणीला धक्का लागत नाही. कानशिलांवरचे केस मागे घेऊन सैल अंबाडा बांधला तर काळी टोके वर येऊन पांढऱ्यांत मिसळतात. घट्ट ताणलेल्या अंबाड्यात मात्र रेषा अधिकच उठून दिसते.

आता कापण्याविषयी, कारण या बदलाचे खरे काम कात्रीच करते. केस कापणाऱ्या व्यक्तीकडे जाताना ‘ट्रिम करा’ एवढेच सांगू नये. ‘मला रंगवलेला भाग काढायचा आहे, दर वेळी किती काढता येईल ते सांगा’ असे सांगावे. दोन महिन्यांत केस सुमारे २.४ सेंटिमीटर वाढतात. दर दोन महिन्यांनी तेवढेच कापले तर लांबी जशीच्या तशी राहते, पण रंगवलेला भाग दर वेळी तेवढ्याने घटत जातो. वरच्या उदाहरणातील बाईंनी जूनमध्ये एकदम ३५ वरून २८ सेंटिमीटरवर यावे, नंतर दर खेपेला थोडे थोडे कापत डिसेंबरात २४ वर यावे. तेव्हा त्यांचे ११ सेंटिमीटर पांढरे आणि १३ काळे असतील, म्हणजे जवळपास अर्धे-अर्धे. हीच अवस्था दिसायला सर्वांत अवघड, आणि इथेच बऱ्याच जणी पुन्हा रंगाकडे वळतात.

म्हणून लेयर्स याच सुमारास करून घ्यावेत, आधी नको. डोक्याच्या वरच्या भागातले केस खालच्यांपेक्षा आखूड ठेवले की वरचे पांढरे टोक काळ्या थरावर येऊन पडते आणि सीमा एका रेषेऐवजी अनेक पातळ्यांवर विखुरते. वरचे लेयर १५ सेंटिमीटरचे ठेवले, तर वर्षभरात वरचा थर पूर्ण पांढरा होतो, खालचा काळा असला तरी. केस विरळ असतील तर मात्र फार लेयर्स करू नयेत. टोके झिरझिरीत होतात आणि तो विरळपणा पांढऱ्यापेक्षा अधिक जाणवतो. अशा वेळी एकाच लांबीचा, हनुवटीपर्यंतचा बॉब बरा. कुरळ्या केसांत रेषा आपोआप मोडते, पण कापताना ते कोरडे असताना कापून घ्यावेत, कारण ओले कुरळे केस लांब दिसतात आणि सुकल्यावर वर चढतात.

ग्लॉसकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधी समजून घ्यावे. ग्लॉस हा कमी ताकदीच्या डेव्हलपरबरोबर, म्हणजे रंगात मिसळायच्या सौम्य पेरॉक्साइडबरोबर लावला जाणारा, काही आठवड्यांत उतरणारा पातळ रंग असतो. तो काळा रंग उजळवू शकत नाही. त्याला दोन कामे नीट जमतात. जुना काळा रंग उन्हाने आणि धुण्याने तांबूस पडतो, आणि करड्या मुळांशेजारी तो तांबूसपणा फार बोचतो. टोकांवर थंड, राखट छटेचा ग्लॉस दिला की तो शमतो. दुसरे काम चमक आणण्याचे: पांढरा केस अनेकदा कोरडा, खरखरीत वाटतो, त्यावर रंगहीन ग्लॉस दिला की केस सपाट बसतो आणि उजेडात झळाळतो. पार्लरमध्ये सांगताना टोकांसाठी राखट आणि मुळांसाठी रंगहीन, असे दोन भाग वेगळे सांगावेत. राखट ग्लॉस पांढऱ्या मुळांवर आला तर काही दिवस ती मळकट दिसतात. शिवाय आम्लधर्मी ग्लॉस मागावा, कारण अल्कली प्रकारचा असेल तर तो मुळाशी उरलेल्या काळ्या नैसर्गिक केसांना किंचित तांबूस करतो. चार ते सहा आठवड्यांनी तो पुन्हा द्यावा लागतो, तेव्हा कापण्याच्या दिवसाशी त्याची सांगड घातली तर फेऱ्या वाचतात.

रंगाने खाज, सूज किंवा पुरळ येत होती म्हणून कोणी रंग थांबवत असेल, तर ग्लॉसबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. रंगीत ग्लॉसमध्ये पीपीडीची जवळची द्रव्ये असू शकतात. आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे; त्यांनी हरकत घेतली नाही तरीही कानामागे ४८ तासांची पॅच टेस्ट केल्याशिवाय तो लावू देऊ नये.

संपूर्ण काळे केस ब्लीचने उतरवून एकाच दिवसात करडे करण्याचा प्रस्ताव पार्लरमधून येईल. तो शक्यतो नाकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे चढवलेला काळा रंग उतरताना आधी लाल, मग नारिंगी होतो, आणि त्यापलीकडे नेईपर्यंत केसाची ताकद संपते. मेंदीवर नीळ चढवलेली असेल तर हिरवट छटाही उमटू शकते. याऐवजी फक्त भांग आणि कपाळालगत, मोजक्या आणि अतिशय बारीक बटांचे हायलाइट्स करून घ्यावेत, आणि तेही एका बटेवर आधी करून पाहून. ती चाचणीची बट ताणल्यावर रबरासारखी लांबली किंवा तुटली, तर तिथेच थांबावे.

घरच्या तयारीत जांभळा शाम्पू पांढरे केस पुरेसे दिसू लागल्यावरच आणावा. पिवळेपणा दिसला तर आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटे पुरे. अधिक ठेवला तर केसांना फिकट जांभळी झाक येते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने आणि हिरव्या-पिवळ्या रंगाच्या तेलांनी पांढरे केस पिवळसर पडतात, म्हणून तेल लावायचेच असेल तर साधे, रंगहीन खोबरेल घ्यावे.

शेवटच्या कापाच्या दिवशी केस ओले करून सपाट विंचरावेत आणि दोन आरशांत मानेवरचा थर पाहावा. तिथले नैसर्गिक काळे केस आणि रंगवलेले काळे केस सुकल्यावर सारखेच वाटतात, पण ओले असताना रंगवलेल्या टोकांवर तांबूस, निर्जीव छटा दिसते आणि नैसर्गिक काळ्यामध्ये मधूनमधून पांढरा केस असतो. जिथे असा एकही पांढरा केस न दिसता सलग एकसारखा रंग दिसतो, तिथून खालचा भाग कापायला सांगावा.